वीस मिनिटांच्या पुड्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वहिनीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका स्वाध्यायावर तपासणाऱ्या सरांनी लाल शाईने पाच ओळी लिहिल्या होत्या. त्या पाच ओळी वहिनीसाठी होत्या. मी त्या वाचल्या, कागदाची घडी केली आणि तो माझ्या विम्याच्या कागदांत ठेवून दिला. वहिनीला त्यातली फक्त पहिली ओळ सांगितली, कारण ती कौतुकाची होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. भाऊ सुरतेत एका खासगी मराठी शाळेत शिपाई होता आणि मी त्याच शाळेत पाचवी-सहावीला शिकवत होतो. एक भाऊ घंटा देतो आणि दुसरा तास घेतो, यावरून शाळेत चेष्टा चालायची. भाऊ स्वतःच म्हणायचा, "मी वाजवली नाही तर हा सुटणारच नाही." तो काविळीने गेला. संस्थेच्या मंडळींनी माणुसकी दाखवली आणि त्याच्या जागी वहिनीला घेतलं. झाडलोट, पाणी, घंटा, टपाल. दोन मुली होत्या, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

वहिनी बारावी झालेली होती. लग्नाआधी मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं, हे मला भाऊ गेल्यानंतर कळलं. तिने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं ते माझ्याच सांगण्यावरून. अभ्यासकेंद्र नंदुरबारला. महिन्यातून एखाद्या रविवारी तापी लाईनच्या पॅसेंजरने जायचं, एरवी घरी पुस्तकं वाचायची आणि स्वाध्याय लिहून टपालाने पाठवायचे. पहिली दोन वर्षं तिने कशीबशी काढली. दोन्ही वर्षी काठावर पास.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गोष्ट गंभीर झाली. शाळेचे कारकून पुढच्या वर्षीच्या दिवाळीत निवृत्त होणार होते. संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्या वहिनी त्याआधी पदवीधर झाल्या तर टेबल त्यांचं. नाही तर जाहिरात द्यावी लागेल. माझ्या हातात मग काही नाही." तिचा शेवटचा निकाल त्याआधीच्या जुलैत लागणार होता. म्हणजे एकाच झटक्यात, सगळ्या विषयांत पास व्हायला हवं. एखादा विषय राहिला आणि ऑक्टोबरला पुन्हा बसली, तरी तो निकाल यायला दिवाळी उलटून नवं वर्ष उजाडणार.

मी घरी जाऊन हे वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "खुर्चीवर बसायचं?" आणि हसली. मग म्हणाली, "भाऊजी, पण मला झोप येते हो. पुस्तक उघडलं की येते."

ते खरं होतं. ती नवागाममध्ये एका खोलीत राहायची. भिंतीला लागूनच यंत्रमागांचा छोटा कारखाना, बारा माग. दिवसभर आणि रात्रभर खटाखट खटाखट. नवीन माणसाला तिथे बोलणंसुद्धा ओरडून करावं लागे. आठवड्याला एक घटक संपवायचा, असं केंद्राचं वेळापत्रक. एक घटक म्हणजे पंचवीस-तीस पानं. सुरुवातीला उद्दिष्टं, मग विवेचन, मधूनमधून स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी सारांश, अवघड शब्दांचे अर्थ आणि त्या प्रश्नांची उत्तरं. लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिलं होतं. पण दिवसभर जिना चढलेल्या बाईने संध्याकाळी तीस पानं समोर घ्यायची म्हणजे डोंगरच.

एकदा मी संध्याकाळी आठच्या सुमारास तिच्याकडे बसलो होतो आणि अचानक सगळं शांत झालं. मी दचकलो. वहिनी म्हणाली, "पाळी बदलते. तेल-सफाई करतात. वीस मिनिटं बंद." त्या शांततेत तिने पुस्तक ओढलं आणि घाईघाईने वाचायला लागली. माग पुन्हा सुरू झाले तशी तिने पुस्तक मिटलं. मधली चार पानं तिला जवळजवळ तोंडपाठ झाली होती. मी विचारून पाहिलं.

तिथे मला कल्पना सुचली. ही वीस मिनिटं मला कुठल्या शास्त्राने सांगितली नव्हती. ती शेजारच्या शेठच्या तेलाच्या डब्याने ठरवली होती. हे मी नंतर विसरलो, आणि विसरायला नको होतं.

ठरलं ते असं. रविवारी दुपारी वहिनीने अख्खा घटक एकदा सलग वाचायचा, समजो न समजो. त्याच घटकाचे मी पाच तुकडे करायचे, सोमवार ते शुक्रवार. रोज आठला एक तुकडा, उजळणीचा. शनिवारी नवीन काही नाही, फक्त त्या आठवड्याचे आणि मागच्या दोन आठवड्यांचे प्रश्न.

पहिल्या रविवारी मी दाढीचं पातं घेऊन पुस्तकाची शिवण उसवायला लागलो तशी वहिनी आमच्या अहिराणीत ओरडली, "भाऊजी, हाई काय करी ऱ्हायनात? पुस्तक कापतंस का कोणी?"

"अहो, सोपं व्हावं म्हणून."

"दसऱ्याला पुजतो आपण ते." तिने सुटी झालेली पानं उचलली, कपाळाला लावली आणि मग माझ्या हातात परत दिली. "कापा आता," म्हणाली. "पण खाली ठेवू नका."

पहिले दोन आठवडे मी चूक करत होतो. मी पानं मोजून कापत होतो. पाच पानं झाली की पात्याने रेघ. एक मुद्दा मंगळवारच्या तुकड्यात सुरू व्हायचा आणि बुधवारच्या तुकड्यात संपायचा. ग्रामसभेचे अधिकार चार होते, तर तीन मंगळवारी आणि एक बुधवारी. वहिनी म्हणाली, "तो चौथा मला सापडतच नाही. बुधवारी तो एकटा येतो, कुणाचा कोण कळत नाही." मग मी पानं मोजणं सोडलं. आधी घटकाची उद्दिष्टं पाहायची, एका तुकड्यात एकच उद्दिष्ट. मुद्दा पानाच्या मध्यावर संपला, तर पुढचा भाग त्याच पानावर असल्यामुळे पान कापता येत नसे. मग तेवढ्या ओळी हाताने उतरवायच्या आणि डिंकाने पुढच्या तुकड्याला चिकटवायच्या. प्रश्नांची उत्तरं मी वेगळ्या चिठ्ठीवर काढून पाठीमागे टाचणीने लावत असे, घडी करून, म्हणजे नजर जायला नको.

प्रत्येक तुकड्याच्या वर मी वेळ लिहीत असे. पहिली तीन मिनिटं कालचे तीन प्रश्न, न बघता. आठ मिनिटं वाचन. मग पान उलटं करून पाच मिनिटं आठवेल ते लिहायचं. उरलेल्या चार मिनिटांत उत्तरांशी ताडून पाहायचं आणि जे चुकलं त्यावर फुली मारायची. फुलीचे प्रश्न मी शनिवारच्या तुकड्यात पुन्हा घालत असे. वेळ मी आधी स्वतः वाचून ठरवली होती. तिला दुप्पट लागायची. तेव्हा मी तिच्यासमोर घड्याळ घेऊन बसलो आणि तिच्या गतीने, लांबण गाळून, तुकडे पुन्हा लहान केले.

वापरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचं पाकीट करून मी प्रत्येक तुकडा त्यात घालून देत असे. वहिनी त्यांना पुड्या म्हणायची. "वैद्यबुवा, आजची पुडी?" शाळेच्या जिन्यात, हातात बादली घेऊन, हळूच. मी खिशातून काढून द्यायचो. ती पोलक्यात सारायची आणि पुढच्या वर्गाकडे जायची.

आणि हे चाललं. खरंच चाललं. ऑक्टोबरपर्यंत तिला मागचे आठ घटक असे येत होते, की मी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. घंटा देता देता ती माझ्या वर्गाच्या दारात थांबून म्हणायची, "राज्य निवडणूक आयोग. तीन ओळी. विचारा." मुलं हसायची.

मुख्याध्यापकांना कळलं. त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत एक पुडी कौतुकाने हातात धरून दाखवली. बमरोलीच्या एका मिलमध्ये काम करणारा, तिच्याच वर्षाला असलेला एक गडी माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, आमच्यासाठी पण एक सेट पाडा ना." मी त्याचं पुस्तक तसंच कापलं आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या कार्बन घालून प्रती दिल्या. मला वीस मिनिटवाले सर म्हणायला लागले. चाळिशीच्या आत मला कुणी कशाचेच सर म्हटलं नव्हतं, पाचवीची मुलं सोडून. मी बोलायलाही लागलो, की माणसाचं डोकं वीस मिनिटांच्या वर काही घेतच नाही. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही.

स्वाध्याय मात्र पुड्यांतून होत नव्हते. त्यात मोठे प्रश्न असत, चार-चार पानांच्या उत्तरांचे. वहिनीने एक युक्ती काढली. रोज त्या त्या पुडीपुरता एक परिच्छेद लिहायचा. पाच दिवसांचे पाच परिच्छेद एकाखाली एक उतरवले की उत्तर तयार. मला ती युक्ती फार आवडली. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही माझ्याही पुढे गेलात."

स्वाध्याय परत यायचे ते माझ्या उधन्याच्या घरच्या पत्त्यावर. शाळेचं टपाल तिच्याच हातात पडायचं, पण चारचौघांसमोर आपले गुण उघडे पडावेत हे तिला नको होतं. फेब्रुवारीच्या शेवटी तो स्वाध्याय आला.

लाल शाईत लिहिलं होतं : अक्षर सुंदर व माहिती अचूक आहे. पण उत्तर सलग नाही. तुकडे एकमेकांना जोडलेले नाहीत, प्रश्नाला धरून युक्तिवाद दिसत नाही. परीक्षेत दीर्घोत्तरांना निम्म्याहून अधिक गुण आहेत. रोज अर्धा-पाऊण तास न थांबता एक संपूर्ण उत्तर लिहिण्याचा सराव आतापासून करावा, अन्यथा उत्तीर्ण होणे कठीण.

मी ते उभ्यानेच वाचलं. मला राग आला. नंदुरबारला बसलेल्या या माणसाला काय माहीत, नवागाममध्ये पाऊण तास कुठून आणायचा? मग राग ओसरला आणि खाली भीती दिसली. तो बरोबर होता. मी शिक्षक आहे, मला कळलं होतं. मी तिला जे शिकवत होतो ते फक्त आठवणं होतं. रचणं मी कधी शिकवलंच नव्हतं, कारण ते वीस मिनिटांत बसत नव्हतं. जे बसत नव्हतं ते मी गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने विचारलं, "भाऊजी, आला का हो?"

"आला. वीसपैकी बारा."

"आणि लिहिलंय काय?"

"अक्षर सुंदर आणि माहिती अचूक, असं लिहिलंय."

ती लाजली. बादली खाली ठेवून तिने पदराने हात पुसले, जसा काही कागद मी तिच्या हातात देणारच आहे. मी म्हटलं, "घरी राहिला. आणतो." मी तो कधीच आणला नाही. दोनदा तिने विचारलं, मग विसरली.

त्यानंतरचे दोन महिने मला नीट झोप नव्हती. सकाळी शाळेत जाताना ठरवायचो, आज सांगायचं. जिन्यात ती दिसली की पुडी काढून द्यायचो. सांगायचं म्हणजे मुख्याध्यापकांनाही कळणार, बमरोलीच्या गड्यालाही कळणार, आणि पुड्या थांबणार. आणि इतक्या उशिरा तिचा धीर खचला तर? हे शेवटचं कारण मी स्वतःला सगळ्यात जास्त वेळा सांगितलं. ते सगळ्यात चांगलं दिसायचं.

एकदा प्रयत्न केला. मार्चमध्ये मी तिला एक जाड पाकीट दिलं. पाच पुड्या वाचून झालेला एक घटक, आणि एकच प्रश्न : पंचायतराज व्यवस्थेमुळे ग्रामीण नेतृत्वात बदल झाला का, चर्चा करा. रविवारी मुलींना माझ्या घरी आणलं, आणि मी तिच्या खोलीत दारापाशी घड्याळ घेऊन बसलो. तिने पहिलं पान झरझर लिहिलं. मग थांबली. माग चालू होते. ती भिंतीकडे बघत राहिली.

"लिहा ना."

"झालं."

"कुठे झालं? बदल झाला का, ते कुठाय?"

"ते कुठल्या पुडीत होतं?"

"ते पुडीत नाही. ते तुम्ही सांगायचं. सगळ्या पुड्या मिळून."

तिने पेन खाली ठेवलं. "तुम्हीच म्हणालात ना, वीस मिनिटांच्या वर डोकं घेत नाही? आते पाऊण तास कुठून काढलात?" तिचा आवाज चढला होता, मागांमुळे चढावाच लागायचा, पण तेवढ्यामुळेच नव्हे. "परीक्षा तोंडावर आली आणि नवीन काय काढलंत, भाऊजी? आधी सांगायचं होतं."

त्या क्षणी कागद माझ्या घरी, विम्याच्या फाईलीत होता. मी म्हणायला हवं होतं, आधी सांगायचं होतं, खरं आहे, हा बघा. मी म्हणालो, "जाऊ द्या. उगाच तुम्हाला त्रास. पुड्याच करू." आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात परीक्षा नंदुरबारला होती. माझे तिथे एक लांबचे मामा होते, त्यांच्याकडे आम्ही उतरलो. राज्यशास्त्राच्या पेपरला मी शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली तीन तास बसलो. आत बसलेल्या बाईचा हात कुठे थांबत असेल, हे मला बाहेर बसून दिसत होतं. पहिल्या वीस मिनिटांनी मी घड्याळ पाहिलं. मग चाळीस मिनिटांनी. मग पाहिलंच नाही.

ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजलेली होती. पाणी प्यायली. म्हणाली, "टिपा सगळ्या आल्या. एकही सोडली नाही." मी विचारलं नाही. रस्त्याने चालताना तीच म्हणाली, "मोठ्या उत्तरांचं काय झालं कुणास ठाऊक. एक पान लिहिलं की हात थांबायचा. पुढे काही आहे हे माहीत असायचं, पण माग सुरू झाल्यासारखं व्हायचं. वाटायचं, झालं, आता उद्या."

मी म्हणालो, "होईल हो पास."

जुलैत निकाल आला. बाकी सगळ्यात पास, राज्यशास्त्रात सहा गुणांनी नापास. बमरोलीचा गडी पास झाला. त्याने माझे पाय धरले, पेढे दिले. बोलता बोलता म्हणाला, "सर, पुड्या भारी होत्या. आणि त्या तपासणाऱ्या सरांनी स्वाध्यायावर लिहून दिलं ना, की सलग लिहा, त्याचा फायदा झाला. मी रोज सुटीत मिलच्या गेटवर बसून एक उत्तर लिहायचो." त्याच्या स्वाध्यायावरही तेच लिहिलं होतं. त्याचं टपाल त्याच्या स्वतःच्या हातात पडलं होतं.

वहिनीने निकाल वाचून कागद देवासमोर ठेवला. "मनं डोकंच मडकं शे," म्हणाली. "तुम्ही केवढं केलंत, भाऊजी. वर्षभर कापत बसलात. माझ्यातच नव्हतं."

मी म्हणालो, "नशीब, वहिनी."

ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज मी आणून दिला होता. तिने तो भरला नाही. "कुणासाठी आता?" म्हणाली. दिवाळीनंतर कारकुनाच्या टेबलावर जाहिरातीतून आलेला एक मुलगा बसला. चांगला होता, तिला काकू म्हणायचा. त्याच्यासाठी पाणी तीच न्यायची. अशी ती पुढे सोळा वर्षं त्या जिन्यात वर-खाली करत राहिली आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाली. मुली शिकल्या, लग्नं झाली. त्यांच्यासमोर ती अजून म्हणते, "मी आपली ढ. काका हुशार. काकांनी फार प्रयत्न केला माझ्यावर."

दर वेळी मी हसतो. चहा पितो. एकदाही मी म्हटलेलं नाही, की वहिनी, थांबा.

तपासणाऱ्या सरांचं बोलणं वेळेवर पोचलं असतं तर ती पास झाली असती का, मला माहीत नाही. नवागाममध्ये तिला पाऊण तास कुठून मिळाला असता, तेही माहीत नाही. ते ठरवायचं तिचं तिने, हे मात्र मला माहीत आहे. तिने शाळेच्या ओसरीवर बसून लिहिलं असतं, नंदुरबारला जाऊन त्या सरांना विचारलं असतं, कदाचित मला चार शब्द सुनावून पुड्या बंद केल्या असत्या. तिला निवड करता आली असती. मी ती तिच्याऐवजी केली, आणि माझ्या सोयीची केली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. विम्याची मुदत संपली, फाईल बदलली, कागद मी नव्या फाईलीत हलवत आलो. फाडून टाकायची हिंमत झाली नाही आणि द्यायचीही नाही.

वहिनी आता सत्तरीकडे आली आहे, आणि दिंडोलीला धाकट्या मुलीकडे राहते. तिचं डोकं मडकं नव्हतं. चूक माझ्या कापण्यात होती, आणि ती मला परीक्षेच्या दोन महिने आधी कळली होती. हे तिला तिच्या मुलींसमोर, माझ्या तोंडाने सांगणं आणि तो कागद तिच्या हातात देणं, एवढं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.